वाढ मंदावणाऱ्या शेअरचे मूल्य: लाभांशावरून हिशेब करण्याची दोन टप्प्यांची रीत

एका कंपनीने नुकताच प्रति शेअर २० रुपये लाभांश दिला आहे, असे समजू. तिचा नफा आणि लाभांश दोन्ही वर्षाला १५ टक्क्यांनी वाढत आहेत, आणि अशा शेअरमधून गुंतवणूकदाराला वर्षाला १२ टक्के परतावा हवा आहे. शेअरचे मूल्य काढण्याचे सर्वांत प्रसिद्ध सूत्र हातात घेऊन हे तीन आकडे त्यात घातले, तर उत्तर येते उणे ७६७ रुपये. कंपनी उत्तम चालली आहे, लाभांश दरवर्षी वाढतो आहे, आणि तरीही तिच्या शेअरचे मूल्य शून्याच्याही खाली. यात सूत्र चुकलेले नाही आणि आकडेमोडही चुकलेली नाही. जे सूत्र कायम एकाच संथ गतीने वाढणाऱ्या कंपनीसाठी आहे, ते आज वेगाने वाढणाऱ्या कंपनीला लावले, एवढीच चूक आहे. अशा कंपनीसाठी दोन टप्प्यांचा हिशेब करावा लागतो. तो कसा करायचा, आणि त्यात सर्वांत महागात पडणारी चूक नेमकी कुठे दडलेली असते, ते या लेखात पाहू.

मूळ कल्पना जॉन बर विल्यम्स या अमेरिकी अभ्यासकाने १९३८ मध्ये मांडली. शेअर कायम जवळ ठेवणाऱ्याच्या हाती शेवटी लाभांशच पडतो. म्हणून पुढे मिळणाऱ्या सर्व लाभांशांची आजच्या रुपयांतील बेरीज म्हणजे शेअरचे मूल्य. मधेच शेअर विकला तरी हे बदलत नाही, कारण विकत घेणारा जी किंमत देतो ती त्याच्यापुढील लाभांशांसाठीच देतो. ‘आजच्या रुपयांतील’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. १२ टक्के परतावा अपेक्षित असेल, तर वर्षानंतर मिळणारे ११२ रुपये आणि आजचे १०० रुपये सारखेच. म्हणून पुढची प्रत्येक रक्कम दर वर्षासाठी एकदा १.१२ ने भागून आज आणायची.

लाभांशांची ही रांग अनंत असेल तर बेरीज कशी करायची, याचे सोपे उत्तर मायरन गॉर्डन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रात आहे. लाभांश कायम एकाच दराने वाढणार असेल, तर

शेअरचे मूल्य = पुढील वर्षाचा लाभांश ÷ (अपेक्षित परतावा − वाढीचा दर)

हे सूत्र पाठ करण्यापेक्षा त्यामागचे कारण समजून घेणे सोपे आहे. आज विशिष्ट किंमत देऊन शेअर घेतला, तर वर्षभरात दोन गोष्टी हाती येतात: एक म्हणजे त्या किंमतीवर मिळालेला लाभांश, आणि दुसरी म्हणजे किंमतीतली वाढ. लाभांश कायम ६ टक्क्यांनी वाढणार असेल, तर त्यावर उभी असलेली किंमतही ६ टक्क्यांनीच वाढेल. एकूण १२ टक्के हवे असतील, तर उरलेले ६ टक्के लाभांशातून मिळायला हवेत. म्हणजे पुढील वर्षी ६ रुपये लाभांश देणाऱ्या शेअरला १०० रुपयेच देता येतील. भागाकारातील वजाबाकीचा अर्थ इतकाच आहे.

आता सुरुवातीच्या उणे उत्तराचे कारणही स्पष्ट होते. वाढच १५ टक्के असेल आणि परतावा १२ टक्केच हवा असेल, तर लाभांशातून ‘उणे ३ टक्के’ मिळायला हवेत, असे सूत्र सांगते आणि ते अर्थहीन आहे. हीच गोष्ट आणखी एका रीतीने दिसते. पहिल्या वर्षीच्या २३ रुपये लाभांशाचे आजचे मूल्य २०.५४ रुपये होते, तर पाचव्या वर्षीच्या ४०.२३ रुपयांचे आजचे मूल्य २२.८३ रुपये. वर्षे जितकी दूर, तितकी त्यांची आजची किंमत जास्त. ही रांग कधीच संपली नाही तर बेरीज कुठेच थांबणार नाही. परंतु अशी रांग खऱ्या जगात असत नाही. देशाच्या अर्थव्यवस्थेपेक्षा कायम वेगाने वाढणारी कंपनी एके दिवशी अर्थव्यवस्थेहूनही मोठी व्हायला हवी. म्हणून वेगाची वर्षे मोजकीच धरायची आणि त्यानंतर संथ गती मानायची; हेच दोन टप्प्यांचे मॉडेल.

वरच्या कंपनीसाठी असे मानू की १५ टक्क्यांची वाढ पाच वर्षे टिकेल आणि सहाव्या वर्षापासून ती कायमची ६ टक्क्यांवर येईल. अपेक्षित परतावा १२ टक्केच ठेवू. दहा वर्षांच्या केंद्र सरकारी रोख्यावर ७ टक्के मिळत असतील आणि शेअरच्या जोखमीसाठी आणखी ५ टक्के हवे असतील, तर हा आकडा तयार होतो. संथ टप्प्यासाठी घेतलेले ६ टक्के त्या रोख्याच्या व्याजदरापेक्षा कमी आहेत, आणि ते मुद्दाम तसे घेतले आहेत. दीर्घ मुदतीचा सरकारी व्याजदर हा अर्थव्यवस्थेच्या महागाईसह होणाऱ्या दीर्घकालीन वाढीचा ढोबळ अंदाज मानता येतो, म्हणून ‘कायमची’ वाढ त्याच्या वर नेऊ नये हा पथ्याचा नियम मला योग्य वाटतो. भारताची चालू किंमतींतील वाढ अनेक वर्षे याहून जास्त राहिली आहे, त्यामुळे काही जण ८ किंवा ९ टक्के धरतात. पण कायम या शब्दात पन्नासावे आणि शंभरावे वर्षही येते, हे त्या वेळी विसरले जाते.

हिशेबाचा पहिला भाग सरळ आहे. पाच वर्षांचे लाभांश अनुक्रमे २३, २६.४५, ३०.४२, ३४.९८ आणि ४०.२३ रुपये होतात. प्रत्येकाला त्याच्या वर्षांनुसार १.१२ ने भागून आज आणले की बेरीज १०८.३३ रुपये येते.

दुसऱ्या भागात पाचव्या वर्षाच्या शेवटी उभे राहून पुढे पाहायचे. त्या जागेवरून पाहिले तर कंपनी आता कायम ६ टक्क्यांनी वाढणारी आहे, म्हणून गॉर्डन यांचे सूत्र तिथे चालते. सहाव्या वर्षाचा लाभांश ४०.२३ च्या ६ टक्के जास्त, म्हणजे ४२.६४ रुपये. त्याला ६ टक्क्यांनी भागले की ७१०.६८ रुपये येतात. हे पाचव्या वर्षाच्या शेवटी शेअरचे मूल्य झाले. त्याला अंतिम मूल्य म्हणतात. ते पाच वर्षे मागे आणले, म्हणजे १.१२ ने पाच वेळा भागले, की आजचे ४०३.२६ रुपये होतात. दोन्ही भाग मिळून शेअरचे मूल्य ५११.५९, म्हणजे सुमारे ५१२ रुपये.

या टप्प्यावर दोन चुका फार वेळा होतात. पहिली, अंतिम मूल्यासाठी सहाव्या वर्षाऐवजी पाचव्या वर्षाचाच लाभांश घेणे; त्याने उत्तर ४८९ रुपयांवर येते. दुसरी चूक अधिक फसवी आहे. सूत्रात सहाव्या वर्षाचा लाभांश वापरला, म्हणून अंतिम मूल्यही सहा वर्षे मागे आणले जाते, आणि उत्तर ४६८ रुपये येते. सूत्र नेहमी पहिल्या लाभांशाच्या एक वर्ष आधीचे मूल्य देते. सहाव्या वर्षाचा लाभांश घातला तर पाचव्या वर्षअखेरचे मूल्य मिळते, म्हणून मागे यायचे ते पाचच वर्षे. तपासायचे असेल तर दोन्ही टप्प्यांत वाढीचा दर ६ टक्केच ठेवून पाहावे. हिशेब बरोबर असेल तर उत्तर एका टप्प्याच्या सूत्राइतकेच, म्हणजे २१.२० भागिले ०.०६, बरोबर ३५३.३३ रुपये यायला हवे. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि वर्षांची गल्लत लगेच उघडी पाडते.

स्प्रेडशीटमध्ये हे सारे एका ओळीत बसते. B1 मध्ये नुकताच दिलेला लाभांश, B2 मध्ये वेगाचा दर, B3 मध्ये संथ दर, B4 मध्ये अपेक्षित परतावा आणि B5 मध्ये वेगाची वर्षे लिहिली की सूत्र असे होते:

```
=B1*(1+B2)/(B4-B2)*(1-((1+B2)/(1+B4))^B5)
 +B1*(1+B2)^B5*(1+B3)/(B4-B3)/(1+B4)^B5
```

पहिल्या टप्प्यातील वाढ अपेक्षित परताव्यापेक्षा जास्त असली तरी इथे काही बिघडत नाही, कारण ती वर्षे मोजकी आहेत. दोन्ही आकडे अगदी सारखे असतील तेव्हा मात्र शून्याने भागाकार होतो आणि पाच वर्षांची बेरीज हाताने करावी लागते. संथ दर मात्र परताव्याच्या खालीच हवा.

लाभांशाचा आकडा घेताना एक काळजी घ्यावी. आपल्याकडे कंपन्या लाभांश अनेकदा दर्शनी मूल्याच्या टक्क्यांत जाहीर करतात. ‘४०० टक्के लाभांश’ म्हणजे ५ रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरवर २० रुपये, पण १ रुपया दर्शनी मूल्य असेल तर फक्त ४ रुपये. वर्षभरातील अंतरिम आणि अंतिम लाभांश एकत्र धरावेत, आणि एखादी मालमत्ता विकून दिलेला विशेष लाभांश बाजूला काढावा. तो पुढच्या वर्षी येणार नाही आणि त्यावर वाढ मोजली तर सारा डोलारा चुकीच्या पायावर उभा राहतो.

आता ज्या मुद्द्यासाठी हा सारा खटाटोप केला, त्याकडे येतो. वरील ५१२ रुपयांपैकी ४०३ रुपये, म्हणजे जवळजवळ ७९ टक्के, अंतिम मूल्यातून आले आहेत. म्हणजेच उत्तराचा चार पंचमांश भाग संथ टप्प्याबद्दल आपण काय मानले त्यावर अवलंबून आहे. संथ वाढ ६ ऐवजी ७ टक्के धरली तर मूल्य ५९७ रुपये होते आणि ५ टक्के धरली तर ४५१ रुपये. बहुतेक पुस्तकी स्पष्टीकरणे या चढउताराची सूचना देऊन थांबतात. परंतु याहून मोठी गोष्ट त्या ५१२ मध्ये दडलेली आहे, आणि ती वाढीच्या दराशी नव्हे, तर लाभांशाच्या प्रमाणाशी संबंधित आहे.

वाढ फुकट मिळत नाही. कंपनी नफ्यातला काही भाग स्वतःकडे राखते, तो नव्या कारखान्यात, दुकानांत किंवा माणसांत घालते, आणि त्यावर जो परतावा मिळतो त्यातून पुढचा नफा वाढतो. म्हणून वाढीचा दर म्हणजे राखून ठेवलेल्या नफ्याचे प्रमाण गुणिले नव्या गुंतवणुकीवरील परतावा. आपल्या कंपनीचा प्रति शेअर नफा ५० रुपये आहे असे धरू. त्यातले २० रुपये, म्हणजे ४० टक्के, ती वाटते आणि ६० टक्के राखते. नव्या गुंतवणुकीवर तिला २५ टक्के मिळतात, म्हणून वाढ ६० टक्क्यांच्या २५ टक्के, म्हणजे १५ टक्के होते. इथपर्यंत सारे जुळते.

सहाव्या वर्षी आपण वाढ ६ टक्क्यांवर आणली, पण लाभांशाचे प्रमाण ४० टक्केच ठेवले. म्हणजे कंपनी अजूनही नफ्याचे ६० टक्के राखून ठेवते आणि त्यातून केवळ ६ टक्के वाढ मिळवते. भागाकार केला तर नव्या गुंतवणुकीवरील परतावा १० टक्के निघतो. भागधारकांना १२ टक्के हवे आहेत आणि कंपनी त्यांचा पैसा कायम १० टक्क्यांनी गुंतवत राहणार आहे, असे आपण नकळत लिहून बसलो. ५१२ रुपये हे अशा कंपनीचे मूल्य आहे, जिचे संचालक प्रत्येक राखलेल्या रुपयाचे थोडे नुकसान करतात आणि तरीही पैसे वाटून टाकत नाहीत.

काही कंपन्या खरोखर अशाच असतात आणि त्यांच्यासाठी ५१२ हेच उत्तर बरोबर आहे. परंतु शहाणी कंपनी वाढीच्या संधी कमी झाल्यावर पैसे परत देऊ लागते. इन्फोसिसचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या आणि पुढे बंगळूरला गेलेल्या या कंपनीची नव्वदीतील वेगवान वाढ मोठे रूप आल्यावर टिकणे शक्य नव्हते. २०१७ मध्ये तिने गुंतवणुकीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या रोख रकमेपैकी ७० टक्क्यांपर्यंत भागधारकांना देण्याचे धोरण जाहीर केले, आणि २०१९ मध्ये ते प्रमाण पाच वर्षांच्या एकत्रित हिशेबाने सुमारे ८५ टक्क्यांवर नेले. यात लाभांशासोबत शेअरची फेरखरेदीही धरलेली आहे, आणि म्हणून अशा कंपन्यांत केवळ लाभांश मोजला तर मूल्य कमी निघते. फेरखरेदीची प्रति शेअर सरासरी रक्कम त्यात मिळवावी लागते.

आपल्या काल्पनिक कंपनीकडे परत जाऊ. सहाव्या वर्षापासून तिला नव्या गुंतवणुकीवर १५ टक्के मिळतील असे मानले, तर ६ टक्के वाढीसाठी नफ्याचे ४० टक्के राखणे पुरेसे आहे आणि ६० टक्के वाटता येतात. सहाव्या वर्षीचा प्रति शेअर नफा १०६.६० रुपये होतो, म्हणून लाभांश ४२.६४ नव्हे, तर ६३.९६ रुपये. त्याचे अंतिम मूल्य १,०६६ रुपये, आज ६०४.८९ रुपये, आणि पहिल्या पाच वर्षांचे १०८.३३ मिळवून शेअरचे मूल्य सुमारे ७१३ रुपये. वाढीचे दर तेच, परतावा तोच, वर्षेही तीच. फक्त संथ टप्प्यातील लाभांशाचे प्रमाण वाढीशी जुळवून घेतले आणि मूल्य २०० रुपयांनी, म्हणजे जवळजवळ ४० टक्क्यांनी बदलले.

या दोहोंच्या मधला एक मुक्काम मला विशेष उपयोगाचा वाटतो. स्पर्धा वाढली की नव्या गुंतवणुकीवरील जादा परतावा हळूहळू नाहीसा होतो आणि तो भागधारकांच्या अपेक्षेइतका, म्हणजे १२ टक्केच उरतो, असे धरायचे. मग ६ टक्के वाढीसाठी निम्मा नफा राखावा लागतो, लाभांश ५३.३० रुपये होतो आणि शेअरचे मूल्य सुमारे ६१२ रुपये येते. यातील विशेष असा की संथ वाढ ६ ऐवजी ५ धरली तरी अंतिम मूल्य जवळजवळ हलत नाही, कारण वाढ कमी केली की तेवढाच लाभांश वाढतो. अपेक्षेइतकाच परतावा मिळत असेल तर वाढीने मूल्यात काहीच भर पडत नाही. अंतिम मूल्य त्या वेळी पुढच्या वर्षीचा नफा भागिले १२ टक्के, इतकेच असते. ज्या आकड्याने आधी सारे उत्तर हलत होते, तो इथे निरुपद्रवी होतो.

म्हणून कुणाचाही दोन टप्प्यांचा हिशेब हातात आला, तर मी आधी त्यातले अंतिम मूल्य पुढच्या वर्षीच्या नफ्याने भागून पाहतो. पहिल्या हिशेबात ७१०.६८ भागिले १०६.६० म्हणजे नफ्याच्या ६.७ पट येते; मधल्या हिशेबात ८.३ पट आणि तिसऱ्यात १० पट. कायम ६ टक्क्यांनी वाढणाऱ्या चांगल्या कंपनीला पाच वर्षांनी नफ्याच्या सातपटीहूनही कमी किंमत मिळेल असे कुणी मानत असेल, तर त्याने लाभांशाचे प्रमाण बदललेले नाही हे जवळजवळ नक्की समजावे. उलट हे गुणोत्तर तीस-चाळीस पट निघाले, तर संथ वाढीचा दर परताव्याच्या फार जवळ नेला आहे आणि खाली उरलेल्या एक-दोन टक्क्यांनी भागून मूल्य फुगवले आहे.

मॉडेलमध्ये वाढ एका रात्रीत १५ वरून ६ वर येते, प्रत्यक्षात ती हळूहळू उतरते. पण हा आक्षेप वाटतो तितका गंभीर नाही. लाभांशाचे प्रमाण ४० टक्केच ठेवून वाढ दहा वर्षांत समान गतीने उतरवली, तर त्यासाठीचे प्रचलित सूत्र सुमारे ५०३ रुपये देते, जे पहिल्या ५१२ च्या अगदी जवळ आहे. पाच वर्षे पूर्ण वेग आणि दहा वर्षे उतरता वेग यांचा परिणाम जवळपास सारखाच होतो.

लाभांशच न देणाऱ्या, तोट्यातल्या, किंवा दिलेल्या लाभांशाचा नफ्याशी मेळ नसलेल्या कंपनीला ही रीत लावू नये. एखाद्या वर्षी लाभांश थांबणे मात्र वेगळे. २०२० मध्ये कोविडच्या काळात रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१९-२० च्या नफ्यातून लाभांश देण्यास मनाई केली होती. त्या वर्षीचा शून्य हा पाया धरून कोणत्याही बँकेचे मूल्य शून्य काढणे चुकीचे ठरले असते. तिथे नेहमीच्या नफ्यावरून नेहमीचा लाभांश ठरवूनच सुरुवात करावी लागते.

हा हिशेब उलटाही चालवता येतो आणि मला तो तसाच अधिक उपयोगी वाटतो. आपल्या कंपनीचा शेअर बाजारात ९०० रुपयांना मिळत आहे असे धरू. नंतर ६० टक्के लाभांश देणारी उदार कल्पना कायम ठेवली, तरी पाच वर्षांच्या वेगाने ७१३ रुपयेच निघतात. वेगाचे सहावे वर्ष धरले तर ७५३ होतात, नऊ वर्षे धरली तर ८७८, आणि दहा वर्षे धरली तर ९२२. म्हणजे ९०० रुपये देणारा माणूस असे म्हणतो आहे की ही कंपनी साडेनऊ वर्षे १५ टक्क्यांनी वाढत राहील आणि तिचा प्रति शेअर नफा आजच्या ५० रुपयांवरून सुमारे १९० रुपयांवर जाईल. तिच्या बाजारपेठेत तेवढी जागा आहे का, हे मग त्या धंद्याची माहिती असलेल्या कुणालाही विचारता येते.